इंग्रजी पेपर मराठीतून समजावताना: ‘थ्री लेस दॅन फोर टाइम्स’चं करायचं काय?

कोरेगावचा_मामा (शनिवार, रात्री 9.40)

मंडळी, जरा मदत हवी आहे. मी साताऱ्यात नोकरीला, बहीण कोरेगाव तालुक्यात गावी. भाची यंदा दहावीला, पहिलीपासून मराठी माध्यम. दिवाळीनंतर तिला साताऱ्यात एका क्लासला घातलं. शनिवार-रविवार एसटीने येते. चाळीस पोरांत मराठी माध्यमाची सहा, बाकी सगळी सेमीवाली. त्यामुळे रविवारचा बीजगणिताचा सराव पेपर इंग्रजीतच छापलेला असतो. मराठीत मागितला तर सर म्हणाले, “बघू.”

तर होतं असं की ती पेपरचा फोटो पाठवते आणि मी फोनवरून एकेक प्रश्न मराठीत सांगतो. मी स्वतः कॉमर्सवाला, गणित दहावीपर्यंतचं. परवाचा एक प्रश्न देतो. (कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा, म्हणून इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहितोय, गोड मानून घ्या.)

“द प्रेझेंट एज ऑफ अ मदर इज थ्री लेस दॅन फोर टाइम्स द एज ऑफ हर डॉटर. नाइन इयर्स हेन्स, द मदर्स एज विल एक्सीड ट्वाइस द डॉटर्स एज बाय एट. फाइंड देअर प्रेझेंट एजेस.”

मी शब्दाला शब्द सांगत गेलो. थ्री म्हणजे तीन, लेस म्हणजे कमी, फोर टाइम्स म्हणजे चौपट. ‘हेन्स’ला तिने “म्हणून ना?” विचारलं, मी म्हटलं नाही, इथे ‘नऊ वर्षांनी’. पुढचं वाक्य तिला बरोबर कळलं. आणि तिने लिहिलं हे:

x = 3 − 4y
x + 9 = 2(y + 9) + 8

थोड्या वेळाने फोन. “मामा, मुलीचं वय उणे आलंय. उणे सात छेद तीन.” आकडेमोड दोनदा तपासली म्हणाली. आकडेमोड बरोबरच होती!

हाच प्रश्न मराठीत असता तर पोरीने पाच मिनिटांत सोडवला असता, याची मला खात्री आहे. आता प्रश्न असा की मी दर आठवड्याला अख्खा पेपर मराठीत लिहून द्यावा, की तिला इंग्रजी वाचायला शिकवावं? आणि शिकवायचं तर कसं?

कट्ट्यावरचा_गण्या (रात्री 9.52)

उणे सात तृतीयांश म्हणजे मुलगी जन्माला यायला अजून दोन वर्षं चार महिने आहेत. आईने आत्ताच नर्सरीच्या रांगेत उभं राहावं, ॲडमिशन मिळेल.

सांगलीची_पेठ (रात्री 10.05)

मामा, एवढं अवघड नाही. आमच्या थोरल्याला मी वहीच करून दिली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. रूट म्हणजे मूळ, कोइफिशंट म्हणजे सहगुणक, प्रोबॅबिलिटी म्हणजे संभाव्यता. दीडदोनशे शब्दांत दहावीचं गणित संपतं. रोज दहा पाठ करून घ्यायचे, महिन्याभरात पोरगी पेपर स्वतः वाचेल. भाषांतर करून देत बसू नका, सवय लागते.

तासगावचे_गुरुजी (रात्री 10.48)

मी जिल्हा परिषदेच्या आणि नंतर हायस्कूलच्या शाळांत 31 वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची नऊ सेमीच्या वर्गांवर. मामा, तुमच्या भाचीला यातला एकही शब्द अडला नव्हता, हे लक्षात घ्या. तीन, कमी, चौपट हे तिन्ही तुम्ही बरोबर सांगितले. चुकला तो क्रम.

इंग्रजीत ‘थ्री लेस दॅन फोर टाइम्स’ म्हणताना तीन आधी येतात आणि चौपट नंतर. मराठीत हेच आपण म्हणतो, “मुलीच्या वयाच्या चौपटीपेक्षा तीनने कमी.” म्हणजे चौपट आधी, तीन नंतर. आणि बीजगणितात काय लिहायचं? 4y − 3. मराठी वाक्य ज्या क्रमाने बोलता त्याच क्रमाने समीकरण कागदावर उतरतं. आपल्या पोरांना हा फायदा फुकट मिळालेला आहे. तुम्ही शब्दाला शब्द सांगितलात तेव्हा तिला मराठी वाक्य मिळालंच नाही. मराठी शब्द इंग्रजी रांगेत उभे करून मिळाले आणि ते तिने इमानदारीने तसेच लिहिले, 3 − 4y.

इंग्रजी माध्यमाची पोरंही इथेच आपटतात, हे मी सेमीच्या वर्गात दरवर्षी बघितलंय. म्हणून ही चूक मराठी माध्यमाची मानू नका.

आता करायचं कसं, ते मी वर्गात करायचो तसं सांगतो. प्रश्न वाचून झाल्यावर पोरीला पेन खाली ठेवायला लावा. “तुझ्या शब्दांत मराठीत सांग” म्हणा. इंग्रजी शब्द मध्ये आला तरी चालेल, पण वाक्य मराठी वळणाचं आणि क्रियापदापर्यंत पूर्ण हवं. ‘आहे’, ‘होईल’ येईपर्यंत पेन उचलायचं नाही. ती चुकीचं सांगत असेल तर तेवढाच तुकडा दुरुस्त करा. तुम्ही आधी सांगायचंच नाही.

आणि समीकरण झालं की एक आकडा घालून बघायला लावा. मुलगी दहा वर्षांची धर. चौपट चाळीस, तीन कमी, सदतीस. आता तुझं समीकरण काय म्हणतंय? 3 − 40, म्हणजे उणे सदतीस. तिथल्या तिथे चूक दिसते, शेवटपर्यंत जाऊन मुलीचं वय उणे यायची वाट बघावी लागत नाही. (योगायोगाने तुमच्या गणिताचं उत्तरही दहा आणि सदतीसच आहे. नऊ वर्षांनी एकोणीस आणि शेहेचाळीस. एकोणीसची दुप्पट अडतीस, वर आठ. ताळा जुळतो.)

शुभांगी_वि (रात्री 11.10)

गुरुजींना +1. माझी अकरावीतली फजिती सांगते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बीजगणितात पैकीच्या पैकी. अकरावी सायन्सच्या पहिल्या चाचणीत प्रश्नाच्या सुरुवातीला ‘लेट एफ बी अ फंक्शन’. मला ‘लेट’ म्हणजे उशीर एवढाच अर्थ माहीत, एसटी लेट असते तो. कुणाला उशीर झालाय हे शोधण्यात दहा मिनिटं गेली. ‘लेट’ म्हणजे आपलं रोजचं ‘समजा’, हे कळल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले होते, खोटं नाही सांगत.

पुढे वालचंदला इंजिनिअरिंग केलं, आता नोकरी करते. पण एक सांगू, मला शास्त्रीय शब्दांनी कधीच त्रास दिला नाही. ते सरच फळ्यावर लिहायचे आणि पाठ व्हायचे. त्रास दिला तो ‘लेट’, ‘सच दॅट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘अनलेस’ अशा चिल्लर शब्दांनी. ते कोणत्याच यादीत नसतात.

सांगलीची_पेठ (रात्री 11.22)

मग यादीत घाला की! यादी चुकीची नाही, अपुरी आहे एवढंच.

तासगावचे_गुरुजी (रात्री 11.41)

पेठकर, यादी हवीच, त्याला ना नाही. पण ‘डावीकडे एक, उजवीकडे एक’ अशी नको. मीडियन घ्या. भूमितीत ती मध्यगा, सांख्यिकीत तो मध्यक. सेगमेंट हा कधी रेषाखंड, कधी वर्तुळखंड. डिव्हिडंड भागाकारात भाज्य आणि शेअर्सच्या धड्यात लाभांश. पॉवर गणितात घात, विज्ञानात शक्ती. तुमच्या वहीत मीडियनपुढे काय लिहिलं होतंत?

सांगलीची_पेठ (रात्री 11.44)

मध्यगा. 😐 पोरगं सांख्यिकीच्या गणितात त्रिकोण शोधत असेल तेव्हा.

कट्ट्यावरचा_गण्या (रात्री 11.46)

सापडला का?

माणदेशी (रविवार, सकाळी 7.15)

माझं मत स्पष्ट आहे. मुलांना मराठी माध्यमातच घाला. आमच्या धाकट्याला दुसरीतून इंग्रजी माध्यमात घालायचं चाललंय, घरात रोज वाद. या धाग्यावरची उदाहरणं बायकोला दाखवणार आहे. मराठीत समीकरण सरळ उतरतं म्हणे! सगळ्यांचे आभार.

कोरेगावचा_मामा (सकाळी 7.50)

माणदेशी, तुमचं चालू द्या, पण प्रश्न तो नाही हो. पोरगी दहावीत आहे, माध्यम ठरून दहा वर्षं झाली. रविवारचा पेपर कसा समजावायचा एवढंच विचारतोय. वहिनींना दाखवताना माझं नाव सांगू नका.

विट्याचा_गलाईवाला (सकाळी 9.30)

माझी केस उलटी आहे, ऐका. वडील गलाईच्या धंद्यात, आम्ही कोइमतूरला. सातवीपर्यंत तिथे इंग्रजी माध्यम. आजी आजारी पडली म्हणून आठवीत विट्याला आलो, मराठी शाळेत. घरात मराठीच बोलायचो, त्यामुळे सगळ्यांना वाटलं काय अडचण येणार? पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, “कर्ण कुठला?” मी म्हटलं, महाभारतातला. वर्गाने वर्षभर मला कर्ण म्हणून हाक मारली.

सांगायचा मुद्दा हा की पुस्तकातली मराठी ही घरातली मराठी नाही. चाल आणि वेग घ्या. गावात आपण गाडीच्या स्पीडला वेगच म्हणतो. विज्ञानात स्पीड म्हणजे चाल आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग. मामांनी घाईत स्पीडचं ‘वेग’ करून सांगितलं तर पोरगी दिशा शोधत बसेल. त्यामुळे समजावणाऱ्याने तिचं मराठी पुस्तक शेजारी उघडं ठेवलं पाहिजे आणि तिच्या पुस्तकातलाच शब्द वापरला पाहिजे. माझ्या शेजारच्या काकांनी मला मदत म्हणून त्यांच्या जमान्यातले शब्द सांगितले आणि दोन्हीकडून गेलो.

शुभांगी_वि (सकाळी 10.02)

गलाईवाले, अगदी बरोबर. मामा, बालभारतीच्या साइटवरून दहावी बीजगणिताच्या दोन्ही माध्यमांच्या पीडीएफ उतरवून घ्या, फुकट आहेत. पुस्तक एकच आहे, नुसती भाषा वेगळी. इंग्रजीत प्रॅक्टिस सेट 1.2 तोच मराठीत सरावसंच 1.2, प्रॉब्लेम सेट तो संकीर्ण प्रश्नसंग्रह. उदाहरणांचा क्रमही तोच. क्लासचे निम्मे प्रश्न पुस्तकातूनच आकडे बदलून काढलेले असतात. इंग्रजी पुस्तकात तसा प्रश्न हुडकला की मराठीतलं वाक्य तयार मिळतं. तुम्हाला भाषांतर करायलाच नको.

बॉक्साइट_रोड (सकाळी 10.40)

पण मी म्हणतो हे सगळं करायचंच कशाला? बोर्डाचा पेपर मार्चमध्ये मराठीतच येणार ना? “खालील कृती पूर्ण करून लिहा (कोणत्याही दोन)” असा. दोन तास, 40 गुण. आधीच वेळ कमी. त्यात पोरीला इंग्रजी पेपरच्या मागे लावून काय मिळणार? क्लासवाल्याने फी पूर्ण घेतली असेल तर मराठी पेपर छापणं त्याचं काम आहे. सहा जणांचे पालक मिळून जाऊन बसा त्याच्या केबिनमध्ये.

शुभांगी_वि (सकाळी 10.55)

अकरावीला सायन्स घेणार असेल तर जूनमध्ये सगळंच इंग्रजी. एमएचटी-सीईटीला फिजिक्स, केमिस्ट्री मराठीतून घेता येतं, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच. म्हणजे आज नाही तर दोन वर्षांनी हे करावंच लागणार. दहावीत गणित ओळखीचं असताना भाषा शिकणं सोपं. अकरावीत गणितही नवं आणि भाषाही नवी, तिथे माझ्यासारख्या बुडतात.

बॉक्साइट_रोड (सकाळी 11.05)

आणि आर्ट्स, कॉमर्स घेणार असेल तर? सगळ्यांनी इंजिनिअरच व्हायचं का?

तासगावचे_गुरुजी (दुपारी 12.30)

दोघांचंही खरं आहे, मी मधला मार्ग काढायचो. डिसेंबरअखेर आठवड्याला एक इंग्रजी पेपर. पूर्वपरीक्षा जवळ आली की तो बंद, मग फक्त मराठी पेपर, घड्याळ लावून. कारण उलटी चूकही होते. पोरं इंग्रजी पेपरची सवय झाली की बोर्डाच्या मराठी उत्तरात ‘डिस्क्रिमिनंट काढू’ असं लिहायला लागतात. पेपर तपासताना मी अशा उत्तराचे गुण कधी कापले नाहीत, पण सगळेच तपासणारे तसे असतील याची हमी कोण देणार?

बाकी बॉक्साइट रोडवाल्यांचं केबिनमध्ये जाऊन बसणंही करून बघा. त्याने काही बिघडत नाही.

मीरा_कराड (दुपारी 2.15)

मला एक वेगळी शंका आहे. प्रश्न समजावून सांगताना उत्तरच सांगून टाकतो आपण, याचं काय? मी मुलाला भूमितीचा पेपर समजावत होते. ‘अँगल ऑफ डिप्रेशन’ आलं. मी म्हटलं, “अवनत कोन, म्हणजे बघ, मनोऱ्यावर माणूस आहे, खाली जहाज आहे, इथे आडवी रेघ मार, तिच्याखालचा हा कोन 60.” आकृती काढूनच दाखवली. पुढे त्याने टॅन 60 लावून पटकन सोडवलं, मी खूश. नंतर लक्षात आलं की त्या प्रश्नात अवघड असतं ते आकृती काढणंच. ते मी केलं होतं, त्याने नुसता भागाकार केला.

तासगावचे_गुरुजी (दुपारी 2.40)

मीराताई, लाख मोलाचं बोललात. बहुतेक पालक इथेच चुकतात आणि त्यांना कळतही नाही, कारण पोराचं उत्तर बरोबर येतं. ‘अवनत कोन’ एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. तो शब्द त्याच्या पुस्तकात आहे, आकृतीसकट. त्यालाही आठवत नसेल तर अडचण भूमितीची आहे, इंग्रजीची नाही.

अडचण भाषेची की गणिताची, हे ओळखायला मी एक करायचो. चुकलेला प्रश्न तीन-चार दिवसांनी आकडे बदलून मराठीत द्यायचा, आधीची आठवण करून न देता. मराठीत सुटला तर भाषेने घात केला होता. मराठीतही अडला तर इंग्रजीला बोल लावू नये, तो धडा पुन्हा शिकवावा. पालक सरसकट म्हणतात, “सगळं येतं हो तिला, इंग्रजीमुळे अडतं.” दर वेळी ते खरं नसतं. मामा, रागावू नका, पण तुम्हीही पहिल्या पोस्टमध्ये “खात्री आहे” म्हणालात. करून बघितलंत का?

कोरेगावचा_मामा (दुपारी 3.05)

नाही बघितलं. रागावलो नाही. आज संध्याकाळी मागचे दोन पेपर काढून बसतो.

विट्याचा_गलाईवाला (दुपारी 3.30)

अवांतर: फोनवर सांगताना आकड्यांचा गोंधळ होत नाही का? आम्हाला एकोणसाठ आणि एकोणसत्तर आजही धड ऐकू येत नाहीत. फिफ्टी-नाइन म्हटलं की मिटलं.

कट्ट्यावरचा_गण्या (दुपारी 3.38)

त्यावर उपाय निघाला होता. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ आलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र भांडला. आमच्या आजोबांनी तर उपोषणाची धमकी दिली होती, आजीने जेवायला वाढलं म्हणून बारगळलं.

माणदेशी (दुपारी 3.50)

वीस एक चूकच होतं. एकवीस म्हणायला काय जीभ झिजते?

मीरा_कराड (दुपारी 4.10)

तो वाद इथे नको, तो धागा वेगळा काढा. मामा, आणखी एक. कधीकधी इंग्रजी शब्दच ठेवलेला बरा असतो. अर्थनियोजनाच्या धड्यात ‘अधिमूल्य’ आहे. माझ्या मुलाला ते अजिबात कळेना. ‘प्रीमियम’ म्हटलं, शंभराचा शेअर एकशेवीसला मिळतो म्हणजे वीस प्रीमियम, लगेच कळलं. उलट ‘डिस्काउंट’ने घोळ केला. त्याला वाटलं दुकानदार सूट देतोय. दर्शनी किमतीपेक्षा बाजारभाव कमी, हे सांगावं लागलं.

सांगलीची_पेठ (संध्याकाळी 5.20)

आता वहीत तिसरा रकाना केला आहे, ‘कुठल्या धड्यात’. गुरुजी, खूश? धाकटी आठवीत आहे, तिच्या उपयोगी पडेल. अजून कुठल्या जागा धोक्याच्या आहेत तेवढ्या सांगून ठेवा.

तासगावचे_गुरुजी (संध्याकाळी 6.45)

रकाना छान. एकच जागा सांगतो, कारण ती लपून बसते. संभाव्यतेत ‘ॲट लीस्ट’ आणि ‘ॲट मोस्ट’. ॲट लीस्ट वन हेड म्हणजे किमान एक छापा. ॲट मोस्ट वन हेड म्हणजे जास्तीत जास्त एक छापा. पोरं दोन्हींत ‘एक’ पकडतात आणि उलटसुलट करतात.

आता गंमत बघा. दोन नाणी फेकली तर निकाल चार. किमान एक छापा असलेले तीन, संभाव्यता 3/4. जास्तीत जास्त एक छापा असलेलेही तीनच, म्हणजे पुन्हा 3/4. पोराने वाक्य उलटं वाचलं तरी उत्तर बरोबर येतं, मास्तर बरोबरची खूण करतो आणि चूक आत तशीच राहते. म्हणून वाचन तपासायचं तर तीन नाणी द्यावीत. तिथे निकाल आठ. किमान एक छापा सात वेळा, 7/8. जास्तीत जास्त एक छापा चार वेळा, 1/2. खोटं लगेच उघडं पडतं.

कट्ट्यावरचा_गण्या (संध्याकाळी 6.58)

गुरुजी, तीन नाण्यांचे आठही निकाल लिहून काढले. सातच आले. आठवं नाणं... आपलं, आठवा निकाल सोफ्याखाली गेला असावा.

शुभांगी_वि (संध्याकाळी 7.04)

तिन्ही काटे विसरला असशील.

कट्ट्यावरचा_गण्या (संध्याकाळी 7.06)

होय. 🙏

कोरेगावचा_मामा (दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री 10.15)

दोन आठवडे गायब होतो, आता हिशेब देतो. मागच्या दोन पेपरांत मिळून अकरा प्रश्न चुकले होते. गुरुजींनी सांगितलं तसे आकडे बदलून मराठीत लिहिले आणि बुधवारी तिला दिले, कशाचे आहेत ते न सांगता. अकरापैकी सहा सुटले, त्यात आई-मुलीचं वयही होतं, चार मिनिटांत. दोन ठिकाणी पहिल्यांदा नुसतीच घाई झाली होती हे तिनेच सांगितलं, म्हणजे ते आठ झाले. उरलेले तीन मराठीतही अडले. तिन्ही वर्गसमीकरणावरची शाब्दिक उदाहरणं. म्हणजे माझी “खात्री” तीन प्रश्नांपुरती खोटी होती. तो धडा आता तिच्या शाळेतल्या बाईंकडून पुन्हा घेतेय, शनिवारी शाळा सुटल्यावर.

इंग्रजी पेपर मी आता लिहून देत नाही. ती फोनवर मराठीत सांगते, मी ऐकतो. पहिले दोन दिवस फार जड गेलं. मला उत्तर माहीत असताना गप्प बसायचं, आणि ती तिकडे “अं... आईचं वय... अं...” करत थांबायची. एकदा तर तीन मिनिटं काहीच बोलली नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, “मामा, हे वाक्य मागून वाचलं की कळतंय.” मी म्हटलं, वाच मागून.

एक अडचण मात्र सुटली नाही. वेळ. मराठीत सांगून मग लिहायचं, यात दोन तासांचा पेपर पावणेतीन तास घेतो. हे कमी होतं का?

शुभांगी_वि (रात्री 10.40)

होतं. मला अकरावीची दिवाळी उजाडली. मग मराठी वाक्य मनातल्या मनात व्हायला लागलं, तोंडाने म्हणावं लागलं नाही. अवघड गणिताला मात्र अजूनही पुटपुटते, ऑफिसमधले बघतात.

बॉक्साइट_रोड (रात्री 10.52)

पावणेतीन तास! मी आधीच म्हटलं होतं. जानेवारीत बंद करा म्हणजे झालं. आणि केबिनचं काय झालं?

कोरेगावचा_मामा (रात्री 11.00)

गेलो होतो, चार पालक. सर म्हणाले, टायपिंगवाला मराठी करत नाही, पण पेपर सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सहा जणांना शंका विचारू देतो. तेवढं तरी पदरात पडलं. मागच्या रविवारी भाचीने तिथे हात वर करून विचारलं, “सर, प्रश्न चारमध्ये तीन नाणी आहेत, तर ॲट मोस्ट म्हणजे जास्तीत जास्तच ना?” सर हो म्हणाले. मागच्या बाकावरच्या दोन सेमीवाल्यांनी खोडरबर काढला म्हणे.

तासगावचे_गुरुजी (रात्री 11.20)

तीन नाण्यांचा पेपर काढणारा तो सर बरा दिसतो. भाचीला विचारा, आठ निकाल कोणत्या क्रमाने लिहिले. गण्यासारखे सोफ्याखाली जाऊ देऊ नका म्हणावं.